सूर्या नदीचे पाणी आणि फरकातला फरक: एका अभ्यासपद्धतीची प्रस्तावना

एखाद्या सार्वजनिक योजनेमुळे नेमके किती बदलले हे ठरवताना खरी तुलना घडलेल्या आणि न घडलेल्या परिस्थितीची असते. योजना आल्यावर लोकांची स्थिती काय झाली ते मोजता येते. पण योजना आलीच नसती तर त्याच लोकांची त्याच काळात काय स्थिती असती, हे कोणत्याही सर्वेक्षणात सापडत नाही. प्रत्यक्षात न घडलेल्या या स्थितीला संशोधक प्रतिवास्तव म्हणतात, आणि परिणामाचे मोजमाप करण्याच्या सर्व पद्धती या प्रतिवास्तवाचा विश्वासार्ह अंदाज बांधण्याच्या पद्धती आहेत. फरकातला फरक, म्हणजे इंग्रजी नावाने ओळखली जाणारी डिफरन्स-इन-डिफरन्सेस पद्धत, त्यांपैकीच एक होय. योजनेचा लाभ मिळालेला गट आणि न मिळालेला गट, अशा दोन्ही गटांची योजनेपूर्वीची आणि योजनेनंतरची माहिती ही पद्धत एकत्र घेते. लाभित गटात झालेल्या बदलातून तुलना गटात झालेला बदल वजा करते, आणि जे उरते ते विशिष्ट अटींवर योजनेचा परिणाम मानते. वजाबाकी शाळकरी मुलालाही येईल इतकी सोपी आहे, अवघड आहेत त्या अटी. म्हणून या प्रस्तावनेतील बहुतेक विवेचन अटींविषयीच आहे.

या पद्धतीचे स्वरूप समजून घेण्यास वसईच्या खाडीच्या दोन्ही तीरांवरची दोन शहरे फार उपयोगी पडतात. दक्षिण तीरावर मिरा-भाईंदर आणि उत्तर तीरावर वसई-विरार वसलेले आहे. 2011 च्या जनगणनेत पहिल्याची लोकसंख्या सुमारे 8 लाख आणि दुसऱ्याची सुमारे 12 लाख होती. दोन्ही शहरे पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर वाढली, दोन्हींत मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे येऊन राहिली, आणि दोन्हींत पाण्याची मागणी पुरवठ्याच्या पुढे धावत राहिली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने या दोन शहरांसाठी पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्पातून दररोज 403 दशलक्ष लिटर पाणी आणण्याची प्रादेशिक योजना हाती घेतली. त्यातील 185 दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि 218 दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरसाठी ठरले. वसई-विरारच्या वाट्याचे पाणी 2023 च्या अखेरीस काशिदकोपर येथील जलाशयापर्यंत येऊ लागले, तर मिरा-भाईंदरच्या चेणे येथील जलाशयाकडे जाणाऱ्या टप्प्याचे काम त्यानंतरही चालू राहिले. त्यामुळे एकाच योजनेच्या दोन लाभार्थी शहरांपैकी एकाला पाणी मिळालेले आणि दुसरे वाट पाहणारे, असा एक काळ निर्माण झाला. संशोधकाच्या दृष्टीने हा काळ मोलाचा आहे.

पाणी आधी वसई-विरारला का मिळाले, याचे कारण येथे महत्त्वाचे ठरते. जलवाहिनी उत्तरेकडून, डहाणू-विक्रमगडच्या बाजूने येते. ती मेंढवणखिंड आणि तुंगारेश्वर येथील बोगद्यांतून आधी वसई तालुक्यात उतरते आणि खाडी ओलांडल्यानंतरच मिरा-भाईंदरला पोहोचते. म्हणजे क्रम बऱ्याच अंशी भूगोलाने ठरवला. वसई-विरारची टंचाई त्या वर्षी अचानक तीव्र झाली म्हणून पाणी आधी तिकडे वळवले गेले असते, तर ती असामान्य टंचाई पुढच्या वर्षी आपोआपही काही प्रमाणात ओसरली असती आणि ती ओसर योजनेच्या खात्यावर जमा झाली असती. लाभ कोणाला आधी मिळावा हे ज्या कारणाने ठरले, ते कारण मोजल्या जाणाऱ्या परिणामाच्या चढउताराशी जितके कमी जोडलेले, तितकी पुढची वजाबाकी अधिक भरवशाची असते.

आता एक मोजमाप घेऊ. या दोन शहरांत पाणीटंचाईचा भार कुटुंबांना सर्वांत स्पष्टपणे जाणवतो तो गृहनिर्माण संस्थांनी विकत घेतलेल्या टँकरच्या रूपाने. समजा, एप्रिल-मे या दोन महिन्यांत दर शंभर कुटुंबांमागे किती टँकर मागवावे लागले, हे दोन्ही शहरांतील निवडक संस्थांच्या हिशेबवह्यांतून काढले. पुढील आकडे केवळ गणित समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. वसई-विरारमध्ये 2023 च्या उन्हाळ्यात 40 आणि 2024 च्या उन्हाळ्यात 22 टँकर लागले. मिरा-भाईंदरमध्ये त्याच दोन उन्हाळ्यांत अनुक्रमे 30 आणि 36 लागले. केवळ वसई-विरारची आधीची आणि नंतरची स्थिती पाहणारा अधिकारी म्हणेल की योजनेने 18 टँकर वाचवले. केवळ 2024 मध्ये दोन शहरांची तुलना करणारा म्हणेल की वाचवलेले टँकर 14 आहेत. पहिल्याने हे लक्षात घेतले नाही की तो उन्हाळा सगळीकडेच अधिक कडक असू शकतो, आणि दुसऱ्याने हे लक्षात घेतले नाही की वसई-विरार मुळातच मिरा-भाईंदरपेक्षा 10 टँकर अधिक घेत होते. फरकातला फरक या दोन्ही चुका एकाच वेळी दूर करतो: वसई-विरारमधील बदल उणे 18, मिरा-भाईंदरमधील बदल अधिक 6, आणि पहिल्यातून दुसरा वजा केल्यावर परिणाम उणे 24. याचाच अर्थ असा की सूर्याचे पाणी आले नसते तर वसई-विरारमध्ये 46 टँकर लागले असते, असे ही पद्धत गृहीत धरते.

हेच गणित समीकरणाच्या रूपात मांडले जाते, आणि प्रत्यक्ष संशोधनात तेच रूप वापरात असते, कारण त्यात इतर माहितीही सामावून घेता येते:

```
Y = a + b*G + c*T + d*(G*T)
```

येथे Y म्हणजे टँकरची संख्या. G हा वसई-विरारसाठी 1 आणि मिरा-भाईंदरसाठी 0. T हा योजनेनंतरच्या काळासाठी 1 आणि आधीच्या काळासाठी 0. वरील आकड्यांत a ची किंमत 30, b ची 10, c ची 6 आणि d ची उणे 24 येते. b मध्ये दोन शहरांमधील कायमचा फरक जमा होतो, c मध्ये दोन्ही शहरांवर सारखाच पडलेला काळाचा प्रभाव, आणि d मध्ये उरतो तो शोधलेला परिणाम. जे वर्षानुवर्षे बदलत नाही, उदाहरणार्थ शहराची भूरचना किंवा जुन्या वसाहतींची ठेवण, ते b मध्ये विरून जाते, मग ते मोजलेले असो वा नसो. न मोजलेल्या पण स्थिर असलेल्या फरकांपासून मिळणारे हे संरक्षण, हीच या पद्धतीची खरी ताकद आहे; बदलत्या फरकांपासून मात्र ती कोणतेही संरक्षण देत नाही.

पाण्याच्या पुरवठ्यावरून या पद्धतीची ओळख करून देण्यामागे एक ऐतिहासिक कारणही आहे. लंडनचे वैद्य जॉन स्नो यांनी 1855 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॉलऱ्यावरील ग्रंथात जवळजवळ हीच तुलना आहे. लंडनच्या दक्षिण भागाला साउथवर्क अँड वॉक्सहॉल आणि लॅम्बेथ या दोन कंपन्या थेम्स नदीचे पाणी पुरवीत, आणि 1849 च्या साथीच्या वेळी दोघीही शहराच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या पात्रातूनच पाणी उचलत होत्या. लॅम्बेथ कंपनीने 1852 मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण वरच्या अंगाला, थेम्स डिटन येथे हलवले. दुसरी कंपनी जागच्या जागी राहिली. 1854 मध्ये पुन्हा साथ आली. ज्या 12 उपविभागांना केवळ साउथवर्क अँड वॉक्सहॉलचे पाणी जात होते, तेथे कॉलऱ्याचे मृत्यू 2,261 वरून 2,458 झाले. ज्या 16 उपविभागांत दोन्ही कंपन्यांचे नळ होते, तेथे ते 3,905 वरून 2,547 वर आले. आणि केवळ लॅम्बेथचे पाणी असलेल्या 4 उपविभागांत 162 वरून 37 वर आले. स्नो यांनी कोणतेही समीकरण वापरले नाही, परंतु दोन गट, दोन साथी आणि मध्येच एका गटाच्या पाण्यात झालेला बदल, अशी संपूर्ण रचना त्यांच्या कोष्टकात होती. मिश्र भागातील घट 1,358 मृत्यूंची, तुलना भागातील वाढ 197 मृत्यूंची, आणि फरकातला फरक 1,555 मृत्यूंचा. मिश्र भागातही सर्व घरे लॅम्बेथची नव्हती, म्हणून शुद्ध पाण्याचा प्रत्यक्ष परिणाम या आकड्याहून मोठाच असणार.

स्नो यांच्या याच कोष्टकात पद्धतीचा पहिला धोकाही दिसतो. तुलना भागातील 197 मृत्यूंची वाढ केवळ लॅम्बेथच्या पाण्यावरील चार छोट्या उपविभागांना लावली, तर तेथे 162 च्या जागी 359 मृत्यू अपेक्षित होते आणि स्वच्छ पाण्याने 322 जीव वाचवले, असा निष्कर्ष निघतो. आधीच्या साथीत जेथे एकूण 162 माणसे दगावली, तेथे 322 वाचवल्याचा दावा स्वीकारता येणार नाही. चूक वजाबाकीची नसून दोन असमान आकाराच्या गटांत मृत्यूंची संख्या सारख्याच आकड्याने वाढेल, या गृहीतकाची आहे. त्याऐवजी दोन्ही गटांत वाढ सारख्याच प्रमाणात झाली असती असे मानले, तर तुलना भागातील सुमारे 9 टक्के वाढीनुसार या चार उपविभागांत सुमारे 176 मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात 37 झाले, म्हणजे जवळपास चार पंचमांश घट. मिश्र भागाला हेच प्रमाण लावल्यास घट सुमारे 40 टक्के येते. मोजमाप संख्येत करावे, दर हजारी करावे की प्रमाणात, हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण प्रतिवास्तव कसे असेल याविषयीचे विधानच त्यात दडलेले असते.

या विधानाला समांतर कलाचे गृहीतक म्हणतात आणि संपूर्ण पद्धत त्यावर उभी आहे. योजना आली नसती तर लाभित गटातील बदल तुलना गटातील बदलाइतकाच झाला असता, असे ते गृहीतक सांगते. दोन्ही गटांची पातळी सारखी असावी अशी त्याची अपेक्षा नाही. हे गृहीतक सिद्ध करता येत नाही, कारण ते न घडलेल्या गोष्टीविषयी आहे. तरीही योजनेपूर्वीच्या अनेक वर्षांची माहिती असेल तर त्यावर थोडा प्रकाश पडतो. समजा, वरील कल्पित उदाहरणात 2019, 2022 आणि 2023 या तीन उन्हाळ्यांत वसई-विरारमध्ये 34, 37 आणि 40 टँकर लागले आणि मिरा-भाईंदरमध्ये 24, 27 आणि 30. दोन्ही शहरांमधील अंतर तिन्ही वर्षी 10 असल्यामुळे संख्येच्या मापाने कल समांतर दिसतात. परंतु गुणोत्तर पाहिले तर ते 1.42 वरून 1.37 आणि मग 1.33 असे घसरत जाते, म्हणजे प्रमाणाच्या मापाने ते समांतर नाहीत. एकाच माहितीवर एका मापाने गृहीतक टिकते आणि दुसऱ्याने मोडते. म्हणून कोणते माप वापरायचे हे निकाल पाहण्यापूर्वी, विषयाच्या समजेवरून ठरवले पाहिजे, आणि दुसऱ्या मापाने काय निघते तेही वाचकासमोर ठेवले पाहिजे.

आधीचे कल समांतर असणे पुरेसे नाही, ते पुढेही समांतर राहिले असते असे मानण्यास कारण हवे, आणि येथे आकडेशास्त्रापेक्षा जलव्यवस्थेचे ज्ञान अधिक कामास येते. मिरा-भाईंदरचे पाणी मुख्यतः स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून येते आणि त्याचा उगम उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. वसई-विरार मात्र या नव्या योजनेपूर्वीही सूर्याच्या जुन्या योजनांवर आणि उसगाव, पेल्हार यांसारख्या स्थानिक धरणांवर अवलंबून होते. दोन शहरांमध्ये केवळ खाडीचे अंतर असले तरी त्यांचे पाणी दोन वेगवेगळ्या खोऱ्यांतून येते. एखाद्या वर्षी उल्हासच्या बाजूला पाऊस उशिरा आला, किंवा तिकडच्या उपसा केंद्राच्या दुरुस्तीसाठी पुरवठा अनेकदा बंद ठेवावा लागला, तर मिरा-भाईंदरमधील टँकर वाढतील. वसई-विरारमध्ये त्याचा मागमूसही नसेल. वरील उदाहरणात मिरा-भाईंदरमधील 6 टँकरची वाढ अशा स्थानिक अडचणीमुळे झाली असेल, तर ती वसई-विरारच्या खात्यात प्रतिवास्तव म्हणून धरणे चूक ठरेल आणि योजनेचा परिणाम फुगवून सांगितला जाईल. नकाशावरचे शेजार म्हणजे कारणांचे शेजार नव्हे. तुलना गट निवडताना किती किलोमीटर दूर यापेक्षा कोणत्या धरणावर, कोणत्या वाहिनीवर आणि कोणत्या संस्थेच्या पुरवठ्यावर, हे आधी विचारले पाहिजे.

दुसरी अट अशी की लाभित गटाला मिळालेल्या लाभाचा तुलना गटावर परिणाम होऊ नये, म्हणजे परिणामाची गळती होऊ नये. ही अट मोडली जाण्याची शक्यता येथे कल्पनेतली नाही, कारण टँकरचा व्यवसाय महापालिकेच्या सीमा पाळत नाही. वसई-विरारमध्ये नळाला पाणी आल्यावर तेथील टँकरची मागणी घटली आणि त्यांपैकी काही टँकर महामार्गावरून वर्सोवा पूल ओलांडून काशिमीऱ्याकडे येऊ लागले, तर मिरा-भाईंदरमध्ये टँकर सहज मिळू लागतील, दर उतरेल आणि पूर्वी पाणी काटकसरीने वापरणाऱ्या संस्थाही अधिक टँकर मागवतील. समजा, हे झाले नसते तर तेथील आकडा 36 ऐवजी 33 असता. मग तुलना गटातील खरा बदल 3 आणि योजनेचा परिणाम उणे 21. उलट दिशेचीही शक्यता आहे: वसई-विरारला सूर्याचे पाणी मिळाल्याचे पाहून शासनाने मिरा-भाईंदरला दुसऱ्या स्रोतातून तात्पुरता वाढीव कोटा दिला, तर तुलना गट स्वतःच अर्धवट लाभित होईल आणि परिणाम कमी दिसेल. टँकरच्या संख्येसोबत टँकरचा दर आणि प्रत्येक स्रोताचा मासिक पुरवठा यांचीही नोंद ठेवली, तरच यांपैकी कोणती गोष्ट घडली हे ओळखता येते. मिरा-भाईंदरमध्ये दर पडला आणि संख्या वाढली, तर गळती पहिल्या प्रकारची. स्टेम किंवा एमआयडीसीचा पुरवठा वाढला आणि संख्या घटली, तर दुसऱ्या प्रकारची.

तिसरा प्रश्न अनिश्चिततेचा आहे, आणि प्रकाशित अहवालांत सर्वाधिक फसगत याच ठिकाणी होते. दोन शहरांतील दोन हजार कुटुंबांचे सर्वेक्षण केले म्हणजे नमुना मोठा झाला असे वाटते, परंतु योजना कुटुंबाकुटुंबाला वेगवेगळी मिळालेली नसून शहराला मिळाली आहे. त्या वर्षी एका शहरात फुटलेली मुख्य वाहिनी, बदललेले आयुक्त, वाढलेली पाणीपट्टी, यांचा प्रभाव त्या शहरातील सर्व कुटुंबांवर एकाच वेळी पडतो. कुटुंबे दोन हजार असली तरी स्वतंत्र घटना दोनच. अशा स्थितीत संगणक देतो ती प्रमाण त्रुटी फार लहान असते आणि तिच्यावरून काढलेला ठामपणा निराधार ठरतो. कालक्रमाने येणाऱ्या माहितीत आणखी एक अडचण असते: यंदाचा चढ पुढच्या वर्षीही टिकतो, म्हणून वर्षे वाढवल्याने स्वतंत्र माहिती त्या प्रमाणात वाढत नाही. मारियान बर्ट्रांड, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी 2004 मध्ये अमेरिकेतील महिलांच्या वेतनाच्या माहितीवर अस्तित्वात नसलेले काल्पनिक कायदे लावून पाहिले; ज्या कसोटीने शंभरात पाचच वेळा चुकीचा परिणाम दाखवायला हवा होता, ती प्रचलित हिशेबाने 45 टक्क्यांपर्यंत वेळा परिणाम दाखवीत होती. या निष्कर्षानंतर त्रुटीचा हिशेब ज्या पातळीवर योजना लागू झाली त्या पातळीवर, म्हणजे राज्य, शहर किंवा प्रभाग यांच्या गटांनुसार करण्याची शिस्त रूढ झाली.

स्नो यांच्याकडे निदान 32 उपविभाग होते. येथे दोनच शहरे आहेत. त्यावर उपाय असा की तुलना शहराच्या आत उतरवावी. महापालिकेला जलाशयापर्यंत मिळते ते घाऊक पाणी. तेथून ते जलकुंभांत, जलकुंभांतून वितरण वाहिन्यांत आणि शेवटी इमारतीच्या टाकीत जाते. हा प्रवास सर्व भागांत एकाच दिवशी पूर्ण होत नाही. ज्या जलकुंभाच्या क्षेत्रात नवे पाणी आधी पोहोचले ते क्षेत्र लाभित आणि जेथे अंतर्गत वाहिन्यांचे काम बाकी राहिले ते तुलनेचे, अशी मांडणी केली तर गट अनेक मिळतात आणि सर्व गट एकाच महापालिकेच्या कारभाराखाली राहत असल्याने आयुक्त किंवा पाणीपट्टी बदलल्याचा प्रभाव आपोआप वजा होतो. मात्र त्याच वेळी टँकरच्या गळतीचा धोका वाढतो, कारण क्षेत्रे आणखी जवळ येतात. एक धोका घटवताना दुसरा वाढतो, आणि कोणता अधिक गंभीर हे त्या त्या ठिकाणच्या माहितीवरूनच ठरवावे लागते.

जेव्हा लाभ वेगवेगळ्या क्षेत्रांना वेगवेगळ्या वेळी मिळतो, तेव्हा एक अधिक सूक्ष्म अडचण उद्भवते, जी संशोधकांनाही गेल्या काही वर्षांतच नीट उमगली. चेणे येथे पाणी पोहोचल्यानंतर मिरा-भाईंदर तुलना गट राहत नाही, ते लाभित होते. मग त्याच्या बदलाची तुलना कोणाशी करायची? प्रत्येक गटासाठी एक आणि प्रत्येक वर्षासाठी एक स्थिरांक घेणारे प्रचलित समीकरण ही तुलना मुकाट्याने आधीच लाभित झालेल्या वसई-विरारशीही करते. वसई-विरारवरील परिणाम पहिल्याच वर्षी पूर्ण झाला असेल तर त्यात बिघडत नाही. पण समजा, अंतर्गत वाहिन्या वाढत गेल्यामुळे तेथील परिणाम पहिल्या वर्षी उणे 24 आणि पुढे उणे 30 झाला, आणि ज्या वर्षी हे अधिकचे 6 टँकर घटले त्याच वर्षी मिरा-भाईंदरला पाणी मिळून तेथे खरोखर 20 टँकर वाचले. वसई-विरारला तुलना गट धरल्यास मिरा-भाईंदरमधील उणे 20 मधून वसई-विरारमधील उणे 6 वजा होतात आणि परिणाम केवळ उणे 14 दिसतो. योजना जितकी चांगली मुरत जाते तितकी ती दुसरीकडे निष्प्रभ भासते, असा हा विपर्यास आहे. अँड्र्यू गुडमन-बेकन यांनी 2021 मध्ये प्रचलित अंदाज अशा जोडीजोडीच्या तुलनांची भारित सरासरी असल्याचे दाखवून दिले. ब्रँटली कॅलवे आणि पेड्रो सांताना यांनी त्याच वर्षी, आधी लाभित झालेल्यांना तुलनेतून वगळून केवळ तोवर लाभ न मिळालेल्या गटांशी तुलना करण्याची रीत मांडली. टप्प्याटप्प्याने राबवल्या जाणाऱ्या योजनेच्या मूल्यमापनात यापुढे ही रीत टाळण्यास कोणतेही समर्थन उरलेले नाही.

ही पद्धत कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. फरकातला फरक वसई-विरारमधील कुटुंबांवर झालेला परिणाम सांगतो. मिरा-भाईंदरवर तितकाच होईल असे सांगत नाही, कारण उत्तनसारख्या किनाऱ्यावरील टोकाच्या गावांपर्यंत दाब पोहोचणे हा वेगळा प्रश्न आहे. त्याहून मोठी मर्यादा अशी की सूर्या प्रकल्प मुळात सिंचनासाठी बांधला गेला होता, आणि शहरांकडे पाणी वळवण्यास पालघर जिल्ह्यातील शेतकरी व आदिवासींनी आक्षेप घेतलेला आहे. कालव्याखालच्या शेतीचे काय झाले, हे दोन शहरांच्या तुलनेत कोठेही येत नाही. ते जाणून घ्यायचे असेल तर सूर्याच्या लाभक्षेत्रातील गावांची, पाणी वळवण्यापूर्वीची आणि नंतरची, दुसऱ्या लाभक्षेत्राशी स्वतंत्र तुलना करावी लागेल. केवळ शहरी परिणामाचा आकडा पुढे करून योजनेचा एकूण हिशेब मांडणे न्यायाचे होणार नाही.

शेवटी माहितीच्या उपलब्धतेविषयी. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. वसई तालुका पालघरमध्ये गेला आणि मिरा-भाईंदर ठाण्यात राहिले. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्हे 2011 च्या जनगणनेप्रमाणे धरलेले होते, 2019-21 च्या सर्वेक्षणात पालघर स्वतंत्र आहे. जिल्ह्याचे आकडे घेऊन ठाणे व पालघर यांची तुलना करणारा अभ्यासक त्यामुळे दोन वेगवेगळ्या भूभागांना एकच नाव देण्याची चूक करतो, आणि शिवाय पालघरच्या सरासरीत वसई-विरारसोबत जव्हार आणि मोखाडा मिसळतो. शहरपातळीवरील खरी माहिती महापालिकांच्या पाणीपुरवठा विभागांच्या नोंदींत, वॉल्व्ह उघडण्याच्या वेळापत्रकांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबवह्यांत आहे. प्रत्येक जलकुंभात नवे पाणी पहिल्यांदा कोणत्या तारखेला आले, त्याच्या क्षेत्राला त्याआधी आणि त्यानंतर दरमहा किती पाणी मिळाले, आणि त्या क्षेत्रातून किती टँकर मागवले गेले, एवढ्या तीन नोंदी दोन्ही महापालिकांनी एकाच नमुन्यात, किमान तीन वर्षे मागे जाऊन, प्रसिद्ध कराव्यात. योजनेनंतरचे सर्वेक्षण कधीही करता येते. योजनेपूर्वीची स्थिती एकदा नोंदवायची राहिली की ती नंतर कोणत्याही खर्चाने मिळवता येत नाही.